माळ घातलीय, मासे नाहीत, जिममध्ये ‘व्हेज ओमेगा’ची बाटली गळ्यात मारलीय. घेऊ का परत करू?

माळकरी_पैलवान (धागाकर्ता)

रामराम मंडळी. वय २९, वजन ७४ किलो, पुण्यात नोकरी. दीड वर्ष झालं नियमित वजनं उचलतोय. घर वारकरी, आजोबांपासून सगळे माळकरी, त्यामुळे मासे, अंडी काही नाही. दूध, दही, पनीर, डाळी, सोया आणि व्हे प्रोटीन यांवर चाललंय, आणि बरं चाललंय.

गेल्या महिन्यात ट्रेनर म्हणाला, तुझ्यात ओमेगा ३ कमी असणार, सांधे कुरकुरायला लागतील, फिश ऑइल घे. मी माळ दाखवली. मग त्याने काउंटरखालून एक बाटली काढली. ‘व्हेज ओमेगा ३-६-९’, साठ कॅप्सूल, ७५० रुपये, रोज दोन. मागे बघितलं तर आत नुसतं जवसाचं तेल, प्रत्येकी १००० मिलिग्रॅम. घरी आणली तर आई म्हणाली, “अरे जवस तर आपण चटणीत खातो, त्याचे साडेसातशे?”

आता माझे प्रश्न. आईचं बरोबर का ट्रेनरचं? अक्रोडाने भागेल का? आणि ते शैवालाचं तेल म्हणून जे मिळतं ते खरंच शाकाहारी असतं का, आणि असलं तर जवस असताना ते कशाला?

बांगडा_फ्राय

मालवणात ये. दोन बांगडे, सोलकढी, विषय संपला.

माळकरी_पैलवान

दादा, शीर्षकाचे पहिले चार शब्द वाचा ना.

बांगडा_फ्राय

वाचले. म्हणून तर वाईट वाटलं.

जिमराजा_९६

भावा, बाटली परत कर. जवस, अक्रोड हे सगळं फुकट आहे. त्यात जो ओमेगा ३ असतो तो एएलए, शरीराला लागतं ते ईपीए आणि डीएचए. एएलएचं शरीरात काहीच होत नाही, शून्य. सरळ शैवालाचं तेल घे, रोज ३ ग्रॅम. मसल वाढेल, रिकव्हरी डबल. मी घेतोय, फरक जाणवतो.

तेलतपासनीस

मी बावीस वर्षं खाद्यतेलांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, त्यामुळे तेलापुरतं बोलतो. स्नायूंबद्दल दुसऱ्या कोणी बोलावं.

जिमराजा, अर्धं बरोबर आहे तुमचं. एएलए वेगळं आणि ईपीए-डीएचए वेगळं, हे खरं. पण ‘शून्य’ नाही. शरीर एएलएची साखळी लांबवून त्यातून ईपीए करतं, शेकडा पाच-दहाच्या आसपास. त्याच्या पुढे डीएचएपर्यंत मात्र पुरुषांच्या शरीरात फारच थोडं पोचतं, शंभरातला एक भागसुद्धा नाही म्हणा. तरुण बायकांमध्ये हे रूपांतर जास्त होतं. आणि एएलए स्वतःही लागतंच. शरीर ते बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. अमेरिकी मानकात पुरुषाला दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम एएलए धरलं आहे.

आता बाटलीचा हिशोब, कारण आईंचं बरोबर आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त एएलए असतं. १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅम. रोज दोन घेतल्या तर एक ग्रॅम. अख्ख्या जवसात शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस ग्रॅम एएलए असतं, म्हणजे तोच एक ग्रॅम पाच ग्रॅमच्या आतच जवसातून मिळतो. चहाचा एक शिगोशीग चमचा. महिन्याचं दीडशे ग्रॅम जवस झालं. तुमच्याकडे जवस काय भाव?

माळकरी_पैलवान

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाव किलो ५० रुपये.

तेलतपासनीस

मग महिन्याचे तीस रुपये. उरलेले सातशे वीस रुपये तुम्ही जिलेटिनच्या आवरणाचे दिलेत. त्यावरून आठवलं, बाटलीवर हिरवा ठिपका आहे का बघा. तेल जवसाचं असलं तरी मऊ कॅप्सूलचं आवरण पुष्कळदा जिलेटिनचं असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. शाकाहारी आवरण स्टार्च किंवा समुद्री शैवालाच्या कॅराजीननचं असतं.

माळकरी_पैलवान

बघितलं. तपकिरी त्रिकोण आहे. 😶 वीस दिवस घेतल्या मी. आईला सांगायचं धाडस नाही.

बांगडा_फ्राय

हा हा हा. आता तर ये मालवणात.

जवसाची_चटणी

अहो पण तो ‘व्हेज’ लिहून विकतोय ना! ट्रेनरला बाटली दाखवा आणि पैसे परत मागा.

मी यवतमाळची. आमच्याकडे जवसाशिवाय हिवाळा जात नाही. कोणी जवस भिजवून अख्खे गिळतं, कोणी सकाळी कोमट पाण्याबरोबर फाकी मारतं, ते बघून जीव कासावीस होतो. दाण्याचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असतं, नीट चावलं गेलं नाही तर जसा गेला तसाच बाहेर येतो. कुटायलाच हवं.

माझी पद्धत अशी. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर भाजायचं, तडतड सुरू झाली आणि खमंग वास आला की लगेच ताटात पसरायचं. कढईत ठेवलं तर करपतं आणि कडू होतं. पूर्ण गार झाल्यावर लाल तिखट, जिरं, मीठ, भाजलेला कढीपत्ता आणि लसूण. वारकऱ्यांच्या घरात लसूण चालत नसेल तर चिमूट हिंग आणि थोडं आमचूर. मिक्सर सलग फिरवायचा नाही, दोन-दोन सेकंदाचे झटके द्यायचे, नाहीतर भांडं तापतं, तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. भाकरी, वर तेल नको, घट्ट दही. बास.

लेस्टरवासी

भाजल्यावर ओमेगा ३ जळून जात नाही का? इथे सगळे म्हणतात कच्चंच खा.

तेलतपासनीस

सुटं तेल आणि दाण्यातलं तेल यांत फरक आहे. जवसाचं तेल कढईत तापवायला घेतलंत तर ते बिघडतं, फोडणीला ते कधीच वापरू नये. पण दाण्याच्या आत ते टरफलाने आणि दाण्यातल्याच नैसर्गिक रक्षकांनी झाकलेलं असतं. दळलेलं जवस घालून भाजलेल्या पाव-बिस्किटांवर प्रयोग झालेत, त्यांत एएलए बऱ्यापैकी टिकलेलं दिसलं. मंद भाजणीने फार नुकसान नाही. उलट कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं थोडी असतात, ती भाजल्याने कमी होतात. दिवसाला एक-दोन चमच्यांत त्यांची भीती नाही, पण कच्च्या पिठाच्या वाट्याच्या वाट्या खाणाऱ्यांसाठी सांगितलं.

खरा शत्रू विस्तव नाही, हवा आहे. आपल्यातलं कोणी क्रिकेट खेळलंय का? नव्या बॅटला कसलं तेल लावतात?

माळकरी_पैलवान

जवसाचं! लहानपणी दुकानदार छोटी बाटली द्यायचा. दोन दिवसांत चिकट होऊन वाळायचं.

तेलतपासनीस

तेच. चित्रकारांचे तैलरंग, लाकडाचं पॉलिश, सगळं जवसाच्या तेलावर उभं आहे, कारण ते हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होतं. आणि ते घट्ट होतं ते त्यातल्या एएलएमुळेच. ज्या गुणासाठी आपण जवस खातो तोच गुण ते डब्यात खराब करतो. म्हणून महिन्याचं पीठ एकदम करून ओट्यावर ठेवू नका. आठवड्यापुरतं दळा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. अख्खे दाणे मात्र कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकतात.

खवट झालं हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ताज्या जवसाला दाण्याच्या कुटासारखा वास येतो. बिघडलेल्याला नव्याने रंगवलेल्या खिडकीचा वास येतो आणि जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. तसं वाटलं तर टाका. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं जवस तेल कृपा करून खाऊ नका, त्यात वाळवणारी धातूंची संयुगं घातलेली असतात.

जवसाची_चटणी

माझा भाऊ बियाण्यांच्या कामात आहे. तो सांगत होता की भाभा अणुसंशोधन केंद्राने जवसाचं ‘टीएल ९९’ नावाचं वाण काढलंय आणि त्यात हे एएलए मुद्दाम कमी केलंय. मी म्हटलं, वेड लागलंय का लोकांना?

तेलतपासनीस

वेड नाही. ते वाण गोडेतेल काढण्यासाठी आहे, म्हणजे तेल लवकर खवट होऊ नये आणि स्वयंपाकाला चालावं. तुमच्या चटणीसाठी नेहमीचंच जवस हवं. चटणीवाल्याचा फायदा आणि तेलगिरणीवाल्याचा फायदा इथे एकमेकांच्या विरुद्ध जातो.

डोंबिवली_फास्ट

माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. गुडघेही दुखतात. शेजारच्या काकांनी शैवाल तेलाच्या रोज सहा कॅप्सूल घ्यायला सांगितल्यात. घेऊ देत का?

मीनल_आहार

सहा स्वतःच्या मनाने नकोत. जास्त मात्रेत, म्हणजे दिवसाला ईपीए-डीएचए मिळून एक ग्रॅम आणि त्याहून वर, काही मोठ्या चाचण्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलंय. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत. बाटली घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि एका कॅप्सूलमध्ये डीएचए-ईपीए किती ते दाखवा. जवसाची चटणी जेवणात असेल तर असू द्या.

जिमराजा, हे तुझ्या तीन ग्रॅमसाठीही आहे बरं का.

जिमराजा_९६

ताई मी सव्वीस वर्षांचा आहे, हार्टबिट एकदम टकाटक. आणि तीन ग्रॅम म्हणजे तीन कॅप्सूल, एकेक हजारवाल्या.

मीनल_आहार

मग तू तीन ग्रॅम ओमेगा ३ घेतच नाहीयेस. लेबलचा मागचा भाग इथे लिही.

जिमराजा_९६

पुढे मोठ्या अक्षरात ‘१००० मिलिग्रॅम’. मागे: प्रमाण २ कॅप्सूल. शैवाल तेल १००० मिलिग्रॅम. डीएचए ४०० मिलिग्रॅम. ईपीएचं काही लिहिलेलं नाही.

मीनल_आहार

म्हणजे हजार हे दोन कॅप्सूलमधल्या तेलाचं वजन. एका कॅप्सूलमध्ये तेल पाचशे आणि डीएचए दोनशे. तू तीन घेतोस म्हणजे डीएचए ६०० मिलिग्रॅम, तीन ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढं. वाईट मात्रा नाही, पण तू समजतोस तीही नाही.

या बाजारात निम्मे गोंधळ याच एका ओळीमुळे होतात. पुढच्या मोठ्या आकड्याकडे बघायचंच नाही. मागे ‘डीएचए’ आणि ‘ईपीए’ हे दोन शब्द शोधायचे, त्यांचे मिलिग्रॅम बघायचे आणि ते किती कॅप्सूलमागे लिहिलेत ते बघायचं. मागे हे दोन्ही शब्द नसतील आणि नुसतं एएलए किंवा ‘३-६-९’ असेल तर ती जवसाची बाटली. ‘६’ आणि ‘९’चं तर आपल्याला कमी पडतच नाही, ते रोजच्या फोडणीतून भरपूर मिळतं.

माळकरी_पैलवान

ताई, मग मला मूळ प्रश्नाचं उत्तर द्या. शैवाल तेल घ्यायचं का? आणि ते शाकाहारीच ना? आईला ‘शेवाळ’ म्हटलं तर ती विहिरीच्या पायऱ्या आठवून नाक मुरडते.

मीनल_आहार

हा हा. विहिरीवरचं नाही ते. शिझोकायट्रियम नावाचे समुद्री सूक्ष्मजीव मोठ्या बंद टाक्यांमध्ये साखर घालून वाढवतात, दारूच्या भट्टीत यीस्ट वाढवतात त्याच धर्तीवर, आणि त्यांच्यातून तेल काढतात. मासेसुद्धा डीएचए फारसं स्वतः बनवत नाहीत. सूक्ष्म शैवाल डीएचए बनवतं, ते लहान जीव खातात, त्यांना लहान मासे खातात. बांगड्यातलं डीएचए मुळात तिथलंच.

बांगडा_फ्राय

म्हणजे बांगडा शाकाहारी?

मीनल_आहार

नाही. 🙂

माळकरी, तुला माझा सल्ला सरळ आहे. जवस रोज, ते न चुकता. त्यावर शैवाल तेल हवंच का, यावर आमच्या क्षेत्रातही एकमत नाही. शाकाहारी माणसांच्या रक्तात डीएचए मासे खाणाऱ्यांपेक्षा कमी असतं हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण तेवढ्यामुळे तरण्याताठ्या शाकाहारी माणसाचं नेमकं काय बिघडतं, हे तितकं स्पष्ट नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी ईपीए-डीएचए मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसं धरलंय. परवडत असेल तर रोज डीएचए २०० ते ३०० मिलिग्रॅम मिळेल एवढं घे. नसेल परवडत तर त्यासाठी पनीर कमी करू नकोस.

आणि जेवणाबरोबर घे. सकाळी उपाशीपोटी काळ्या कॉफीबरोबर घेणारे खूप आहेत. चरबी पचायला जेवणातली चरबी सोबत लागते, नाहीतर शोषण कमी आणि ढेकर जास्त.

तेलतपासनीस

माझं एक मत आहे, मीनलताईंना पटेलच असं नाही. कॅप्सूल विकत घेण्याआधी घरातलं गोडेतेल बघा. माळकरी, घरात कोणतं तेल आणि महिन्याला किती?

माळकरी_पैलवान

सूर्यफूल. चार माणसांना महिन्याला चार लिटर. आईच्या हाताला तेल सुटतं.

तेलतपासनीस

चार लिटर म्हणजे वजनाने ३ किलो ६५० ग्रॅम धरा. चार माणसं, तीस दिवस, माणशी दिवसाला ३० ग्रॅम. साध्या सूर्यफुलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा ६. दिवसाला अठरा ग्रॅम झालं. एएलए जवळपास नाहीच. करडईत तर ओमेगा ६ पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत जातं.

आता एएलएपासून ईपीए करणारं जे विकर शरीरात आहे तेच ओमेगा ६ वरही काम करतं. यंत्र एक आणि रांगा दोन. एका रांगेत अठरा ग्रॅम उभे आणि दुसऱ्या रांगेत तुमच्या कॅप्सूलचा एक ग्रॅम. कोणाचा नंबर लागणार? म्हणून नुसतं जवस वाढवून पुरत नाही, पहिली रांगही आखडती घ्यावी लागते.

शेंगदाणा तेलात ओमेगा ६ साधारण तीस टक्के. त्याच तीस ग्रॅममधून नऊ ग्रॅम, म्हणजे निम्मं. मोहरीच्या तेलात तर दहा टक्क्यांच्या आसपास एएलए असतं, पण पुण्यात मोहरीच्या तेलातली भाजी कोण खाणार. शेंगदाणा आणा आणि चार लिटरचे तीन करा.

अक्रोडाचंही यात येतं. चार अख्खे अक्रोड म्हणजे साधारण सोळा ग्रॅम गर, त्यात एएलए दीड ग्रॅमच्या आतबाहेर. चांगलंच आहे. पण त्याच गरात ओमेगा ६ चौपट असतं. जवसात उलट, एएलए ओमेगा ६ च्या चौपट. त्यामुळे अक्रोड खा ते अक्रोड म्हणून, जवसाला पर्याय म्हणून नव्हे. पावसाळ्यात सुटा गर घेऊ नका, दमट हवेत तो पटकन खवट होतो. टरफलासकट घ्या किंवा गर फ्रिजमध्ये ठेवा.

मीनल_आहार

ओमेगा ६ ला खलनायक करू नका हो. सूर्यफूल तेल हृदयाला वाईट असं नाही, तुपा-डालड्याच्या जागी आलं तर कोलेस्टेरॉल उतरतं. रूपांतराचा मुद्दा मान्य, पण तेल बदलून डीएचए फार वाढतं असं दिसत नाही. वाढलंच तर ईपीए थोडं.

तेलतपासनीस

खलनायक म्हटलं नाही, रांग म्हटलं. डीएचएचं तुमचं मान्य. पण ईपीए वाढतं ना? ते फुकटात वाढतंय.

मीनल_आहार

शेंगदाणा तेल फुकट मिळतं का तुमच्याकडे? 😄 असो. एक लिटर कमी करायचं यावर दोघांचं एकमत आहे असं धागाकर्त्याने समजावं.

फिजिओ_सांगली

उशिरा आलो. स्नायूंचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

‘मसल वाढेल, रिकव्हरी डबल’ हे जिमराजाचं वाक्य सोडून द्या. म्हाताऱ्या माणसांमध्ये रोज काही ग्रॅम ईपीए-डीएचए दिल्यावर स्नायूंची प्रथिनं बनण्याचा वेग वाढलेला दिसलाय, पण ती मात्रा मोठी आणि माणसं म्हातारी. तरुण, पुरेसं प्रोटीन खाणाऱ्या, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसात स्नायू जास्त वाढतात असा भक्कम पुरावा नाही. व्यायामानंतरची अंगदुखी काही प्रयोगांत थोडी कमी झाली, काहींत नाही झाली. सांधे ‘कुरकुरतील’ हे तर ट्रेनरने भीती घालायला म्हटलंय. स्क्वॉटला गुडघ्यातून आवाज येतो म्हणजे ओमेगा कमी असं काही नसतं.

शाकाहारी जिमवाल्याला पैसे कुठे लावायचेच असतील तर आधी क्रिएटिन. ते मांसातून मिळतं, त्यामुळे आपल्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. पण तो वेगळा धागा.

जिमराजा_९६

मला फरक जाणवतो म्हणजे जाणवतो.

फिजिओ_सांगली

त्याच महिन्यात झोप वाढवली होतीस का?

जिमराजा_९६

नोकरी सोडली होती. 😅

लेस्टरवासी

माझा अनुभव, हवा तेवढाच घ्या. मी जन्मापासून शाकाहारी, इथे येऊन दूधही सोडलं. इथे बोटाच्या थेंबभर रक्तावर ओमेगा ३ इंडेक्स काढून देतात, म्हणजे तांबड्या पेशींच्या आवरणातल्या चरबीत ईपीए-डीएचए शेकडा किती. आठच्या वर चांगलं आणि चारच्या खाली कमी धरतात. दोन वर्षं रोज दळलेलं जवस खाऊन माझा आला ३.४. मग शैवाल तेल सुरू केलं, डीएचए-ईपीए मिळून रोज ४००. सहा आठवड्यांनी घाईघाईने पुन्हा तपासलं तर ४.१, हिरमुसलो. पाच महिन्यांनी ५.६.

मीनल_आहार

घाई झाली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत आकडा स्थिरावत नाही. चार महिन्यांच्या आत पुन्हा तपासणं म्हणजे पैसे वाया.

लेस्टरवासी

पण मला सांगा, ३.४ असताना मला काहीच होत नव्हतं आणि ५.६ असतानाही काही वेगळं वाटत नाही. मग मी नक्की कशासाठी घेतोय?

मीनल_आहार

प्रामाणिकपणे, पुढच्या वीस-तीस वर्षांच्या हृदयासाठी, आणि तोही अंदाज आहे. उद्याच्या डेडलिफ्टसाठी नाही.

माळकरी_पैलवान

सगळ्यांचे आभार. आता काय करतोय ते सांगतो, चुकत असेल तर बोला.

बाटली ट्रेनरला दाखवली, तपकिरी त्रिकोणही दाखवला. तो म्हणाला, “तेल तर व्हेजच आहे ना.” फोडलेली बाटली परत घेणार नाही म्हणाला. पैसे गेले.

जवस रोज दोन सपाट मोठे चमचे, दळलेलं, वजनकाट्यावर १५ ग्रॅम भरलं. म्हणजे एएलए तीन ग्रॅमच्या वर. पहिल्या दिवशी उत्साहात चार चमचे व्हे शेकमध्ये घातले. शेक सरळ खिरीसारखा घट्ट झाला आणि दुपारी ऑफिसात पोटात जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

जवसाची_चटणी

अगं बाई! जवसाला बुळबुळीत चोथा असतो, पाणी ओढतो तो. आठवडाभर एकच चमचा, मग दोन, आणि बरोबर पाणी भरपूर. शेकमध्ये घालायचं तर आयत्या वेळी घालून लगेच प्यायचं.

डोंबिवली_फास्ट

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी शैवाल तेल नको म्हणून सांगितलं, चटणीला हरकत नाही म्हणाले. चटणी केली, त्यांना आवडली. गुडघे आहेत तसेच आहेत.

मीनल_आहार

चटणी रोज खाणार असतील तर गोळ्या आणि चटणी यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. चोथ्यामुळे औषधाचं शोषण मागेपुढे होऊ शकतं.

माळकरी_पैलवान

तीन महिने झाले, म्हणून धागा वर काढतोय.

शेंगदाणा तेल आणलं. पहिला आठवडा आई म्हणत होती “वास येतो”, आता म्हणते सूर्यफुलाला चवच नव्हती. चारचे सव्वातीन लिटर झालेत, तीनवर येत नाहीये. शैवाल तेलाची हिरव्या ठिपक्याची बाटली मिळाली, एका कॅप्सूलमध्ये डीएचए २००. रोज दुपारच्या जेवणाबरोबर एक. एकदा बाटली दिवसभर जिमच्या बॅगेत गाडीत राहिली, एप्रिल महिना. त्यानंतर ढेकर आंबूस-उग्र येतात. फेकू का?

तेलतपासनीस

एक कॅप्सूल सुईने टोचा, थेंब जिभेवर घ्या. समुद्री, किंचित गवतासारखी चव ठीक. जिभेला चरचर, रंगाचा वास, घशात कडवटपणा, तर फेका. एका दुपारच्या उन्हाने बंद कॅप्सूल लगेच जात नाही, पण डीएचएमध्ये एएलएच्या दुप्पट नाजूक जागा असतात, त्याला धीर कमी.

माळकरी_पैलवान

टोचून बघितलं. वास गवताचा, चव समुद्राची, चरचर नाही. ठेवतो.

आणि ती जुन्या जवस तेलाची बाटली, वीस कॅप्सूल शिल्लक होत्या. पुतण्याने नवी बॅट आणलीय. रविवारी सगळ्या फोडून बॅटला लावल्या. ७५० रुपयांतलं निदान काहीतरी वसूल.

तेलतपासनीस

खाण्याच्या तेलात ई जीवनसत्त्व घातलेलं असतं, वाळायला वेळ लागेल. पातळ थर लावून बॅट आडवी ठेवा, दोन दिवस हात लावू देऊ नका. आणि ज्या फडक्याने पुसलंत ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, दोरीवर उघडं पसरा. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते.

माळकरी_पैलवान

थांबा, बघून येतो.